रेघांचे खमीस

धाकट्याला मी आजवर लिहिलेले सर्वांत लांब पत्र कपड्यांविषयी होते. तेव्हा मी पणजीला एका सरकारी कचेरीत कारकून होतो, नवाच चिकटलो होतो, आणि जगातले सगळे आपल्याला कळते अशा भ्रमात होतो. कारापूरच्या मामाच्या मुलीचे लग्न ठरले होते. मी आदल्या संध्याकाळी पणजीहून परस्पर पोचणार होतो. आई येणार नव्हती. वडील जाऊन तीन वर्षे झाली होती, तिला कुणी नको म्हटले नव्हते, पण मांडवात जाणे तिने आपणहून सोडले होते. तेव्हा धारगळच्या घरून यायचा तो एकटा धाकटा.

त्याचे हे पहिले लग्न. नातलगांत कुणाचेही लग्न असले की घर आणि गुरे राखायला कुणीतरी मागे राहायला हवे, आणि ते कुणीतरी म्हणजे नेहमी हाच. त्याने कधी तक्रार केली नाही म्हणून आम्हीही कधी विचारले नाही. पाहुण्यांनी त्याला नीट पाहिले होते ते वडील गेले तेव्हा, डोके भादरलेला, भिंतीला टेकून बसलेला. आता मिसरूड फुटलेला तो मुलगा चारचौघांत उभा राहणार होता, आणि आमच्या घराचा माणूस म्हणून लोक त्याला पहिल्यांदा जोखणार होते. आईने मला निरोप धाडला होता, त्याला जरा सांग, तिकडे कोणी हसता कामा नये. वडिलांमागे पोर कसेतरी वाढले असे कुणाच्या तोंडून निघू नये, एवढेच तिचे म्हणणे होते.

मी पत्र लिहायला घेतले आणि हात आवरेना. एक नूर आदमी, दस नूर कपडा, अशी सुरुवात केली, तीही मोठ्या तोऱ्यात. पुढे लिहिले, काळे काही घालू नकोस, पट्टासुद्धा तपकिरी बघ. मी पहिल्या लग्नाला काळी पँट घालून गेलो होतो तेव्हा एका आत्याने मला पंगतीच्या शेवटच्या टोकाला बसवले होते, ते मी विसरलेलो नाही. नवरदेवाहून झगझगीत काही नको, लोक तुला बघायला येणार नाहीत. त्या बेलबॉटमचे खूळ डोक्यात असेल तर काढून टाक. मांडवाच्या शेणाने सारवलेल्या खळ्यात ती पँट झाडूचे काम करील. वहाणा साध्या घाल. मांडवाच्या बाहेर काढून ठेवाव्या लागतात, आणि चांगल्या असल्या तर परतताना दुसऱ्याच्याच पायांत दिसतात.

बनियनवर तर मी अर्धे पान खर्च केले. आत भोके पडलेले बनियन घालून येऊ नकोस. मे महिन्यात पंगतीला बसलास की घामाने जीव जातो, पुरुष माणसे खमीस काढून खांद्यावर टाकतात, आणि तेव्हा माणसाचे खरे घर दिसते. खमिसाला बोल्स हवाच, खिशाविना खमीस म्हणजे बनियनच; अक्षता ठेवायला हवा आणि लेंस ठेवायला. लेंस स्वच्छ असू दे, रुमाल दाखवायला असतो, घडी मोडून नाक शिंकरायला नव्हे. शिंप्याकडे आताच जा. लग्नसराईत शिंपी देवापेक्षा दुर्मिळ होतात. सुती कापड असेल तर शिवायला देण्याआधी पाण्यातून काढ, नाहीतर पहिल्या धुण्यात बाह्या कोपरापर्यंत येतील. टेरिकॉट असेल तर ती भीती नाही.

आणि शेवटी, अधोरेखित करून: काहीही घाल, पण कोरे घाल. जुने धुऊन, इस्त्री करून नवे केलेले नको. पहिल्या लग्नात अंगाला पहिल्यांदाच लागणारा कपडा हवा. उत्तरादाखल त्याचे कार्ड आले. त्यात एवढेच होते: सगळे समजले, तसेच करतो, आई बरी आहे. मला जरा रागच आला. एवढे कष्ट घेऊन लिहिले आणि हा गडी दोन ओळींत मोकळा झाला.

लग्नाच्या सकाळी मी मामाच्या घरापुढच्या खळ्यात मांडवाच्या तोंडाशी उभा होतो. येणाऱ्यांवर गुलाबपाणी शिंपडायचे काम माझ्याकडे दिले होते, कारण पणजीचा माणूस म्हणून माझे कपडे बरे होते. वऱ्हाड अजून यायचे होते. आत मुलीला हळद लावून झाली होती, बायका तिला न्हाणीघराकडे नेत होत्या, हळदीची वाटी आणि आंब्याची पाने ओटीवर तशीच पडली होती. मामा देवकाच्या पूजेवरून नुकता उठला होता, धोतर आणि खांद्यावर उपरणे, घामाने निथळत होता.

साखळीहून येणारी बस वळणावर थांबली आणि धाकटा उतरला. मी त्याला लांबूनच पाहिले आणि माझी छाती फुगली. केस चापून बसवलेले. तपकिरी पँट, घोट्याशी बेताची. साध्या वहाणा. वरच्या बोल्सातून लेंसाचे टोक डोकावत होते. चालताना तो कुणाशी धक्का लागू नये अशा बेताने कडेकडेने येत होता, हातात आईने दिलेली फणसांची पिशवी होती, आणि मला बघून हसला. मी मनात म्हटले, पत्र कामी आले. मग तो मांडवाच्या सावलीत शिरला आणि मला त्याचे खमीस नीट दिसले.

दुधावरच्या सायीसारखा रंग आणि त्यावर निळ्या बारीक रेघा, दोन दोन जवळ जवळ. माझ्या हातातली गुलाबदाणी तशीच कलती राहिली आणि पाणी माझ्याच पायांवर ठिबकत राहिले.

ते कापड मी कुठेही ओळखले असते. वडिलांच्या बाराव्याला सोयरे कपडे घेऊन येतात, आईच्या माहेरचे आधी. मामाने म्हापशाहून एकाच ठाणातून आम्हा दोघा भावांना खमिसाची कापडे आणली होती आणि सगळ्यांच्या देखत आमच्या हातांवर ठेवली होती. माझे मी महिन्याभरात शिवून घेतले आणि रोज घालून घालून विटवले. त्यात गैर काही नव्हते. बाराव्याचे कपडे रोजच्या वापरात घालतात, फाडतात, पुसायला घेतात. पण शुभकार्यात ते कुणी अंगावर चढवत नाही. आमच्याकडे कोऱ्या कपड्याला घालण्याआधी कॉलरवर हळदीचे बोट लावतात, बाराव्याच्या कापडाला तेवढे बोटसुद्धा लावत नाहीत. ते कापड म्हणजे मयताच्या घरातून आलेली वस्तू. आणि माझा भाऊ ते शिवून, इस्त्री करून, मामाच्याच मुलीच्या मांडवात घेऊन आला होता.

मी त्याचा दंड धरला आणि जवळजवळ फरफटत त्याला मांडवामागे माडांच्या झापांचा ढीग होता तिथे नेले. तो अजून हसतच होता. मला वाटले, आपल्या पत्रात काय लिहिले होते आणि या गाढवाने काय वाचले. कोरे घाल म्हटले, तर घरात असलेले एकमेव कोरे कापड याने उचलले. हे याला कळू नये? आणि आईला कळू नये? मी दबक्या आवाजात त्याला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही. माझ्या पिशवीत माझा जादा शर्ट होता, तो घाल आणि हे काढ, आधी काढ, असे मी म्हणत होतो आणि त्याच्या गुंड्या ओढत होतो. त्याने माझा हात धरला. जोराने नव्हे, पण सोडलाही नाही.

तेवढ्यात मामी आली. झापे आणायला आली की आमच्यामागे आली, देव जाणे. तिने आधी फणसांची पिशवी पाहिली, मग त्याला पाहिले, मग खमीस. ते कापड निवडायला ती मामाबरोबर म्हापशाला गेली होती, हे मला तेव्हा आठवले. ती मागे सरकली. पदर आवळून घेतला, जणू त्याच्या अंगावरून वारा आला तरी मुलीला लागेल.

"ह्येका ह्या कपड्यात मांडवात कोणी हाडल्यान?" ती मला म्हणाली, जणू मीच त्याला आणले होते. त्याच्याकडे तिने बघितले नाही.

मी म्हणालो की चूक झाली, आता बदलतो. ती म्हणाली की बदलून काय होणार, खळ्यातून चालत आला, मांडवाच्या मेढींना शिवला, आता त्याने घरी जावे. वऱ्हाड पोचायच्या आत जावे. जेवण बांधून देते, पण जावे. तिचा आवाज चढत नव्हता, थरथरत होता. मुलीची आधी एक सोयरीक मोडली होती, ऐन वेळी मुलाकडच्यांच्या घरात मयत झाले म्हणून, आणि तेव्हापासून मामी मांजर आडवे गेले तरी देवासमोर नारळ ठेवायची. तिचा राग मला कळत होता. पण धाकट्याला या मांडवातून, या दिवशी, सगळ्या नातलगांच्या देखत घरी पाठवायचे, हे माझ्या डोक्यात शिरेना. आईला तो काय सांगणार होता? पहिल्याच लग्नातून हाकलले म्हणून?

मामीने मामाला बोलावणे धाडले. तो आला, उपरण्याने तोंड पुसत, काय झाले म्हणत. मामा म्हणजे मोठा बोलका माणूस, बाजारात त्याचा आवाज दुकानाआधी ऐकू यायचा. त्याने धाकट्याला बघितले आणि गप्प झाला. मला वाटले, आता हा भडकणार. मी मध्ये पडून सांगायला लागलो की माझेच पत्र, मी कोरे घाल म्हटले म्हणून, पोरगे आहे, त्याला काय ठाऊक. त्यावर धाकट्याने तोंड उघडले. 

"दादाच्या पत्रामुळा नाय," तो मामाला म्हणाला. "तुयाच सांगललंस."

मामा त्याच्याकडे बघत राहिला. त्याला काही आठवत नव्हते, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते.

"बाराव्याक कापड हातार ठेवलंस आनी सांगलंस, रडू नको, घरात पयलो आनंदाचो दीस येयत त्या दिसा ह्या घाल. म्हणान ठेवललंय. अजून तसो दीस आयलोच नाय. ताईचा लगीन ठरला तेव्हा आयेक म्हटलंय, आता शिवया."

 मांडवात कुणीतरी पाट सरकवत होते. मी सांगतो, आयुष्यात मी पुढे मोठमोठे धक्के खाल्ले, पण त्या क्षणासारखा सुन्न कधी झालो नाही. बाराव्याला माणसे असे काहीबाही बोलतात. चहा घ्या, जेवून घ्या, सावरा, दिवस फिरतील. बोलणाराही ते दाराबाहेर पडता पडता विसरतो. या पोराने ते ऐकले, खरे मानले, आणि ते कापड तीन वर्षे पेटीच्या तळाशी न फाडता ठेवले. चवथ आली, दिवाळी आली, शिमगा आला. त्याच्याकडे नवे खमीस नव्हते हे मला ठाऊक होते. माझी जुनी तो घालायचा. मी आपला समजत होतो की त्याला कपड्यांची हौस नाही.

मी विचारले, आई काय म्हणाली. म्हणाला, आई काही म्हणाली नाही, तिने पेटीतून काढून दिले आणि शिवून आल्यावर स्वतः इस्त्री केली. म्हणजे तिला ते शब्द ठाऊक होते. ती त्या दिवशी आतल्या खोलीत बसलेली होती, दाराआड, तिने ते ऐकले असणार. तिनेही ते धरून ठेवले होते. मी मात्र त्याच ओळीत, त्याच्या शेजारी बसलो होतो आणि मला एक शब्द आठवत नव्हता.

मामा झापांच्या ढिगावर खाली बसला. एवढा मोठा माणूस, लग्नघरचा यजमान, धोतराला केर लागेल याची पर्वा न करता बसला आणि उपरणे डोळ्यांना लावले. मामी त्याला उठा म्हणत होती, वऱ्हाड येईल म्हणत होती. तो थोड्या वेळाने उठला. ओटीवर जाऊन हळदीची वाटी घेऊन आला. मामीने त्याचा हात धरला आणि म्हणाली की ती मुलीची उष्टी हळद आहे, तिला ह्या कापडाचा हात लावू नका. मी पहिल्यांदा तिला मामाशी असे झोंबताना पाहिले. मामाने तिचा हात बाजूला केला. बोट वाटीत बुडवले, धाकट्याच्या कॉलरला एका टोकाला लावले, दुसऱ्या टोकाला लावले, बोल्सावर लावले. बाराव्याच्या कापडाला हळद. खोटे कशाला सांगू, मी पणजीत राहणारा, शिकलेला, अशा गोष्टींवर हसणारा, आणि मला वाटले आता काहीतरी होणार.

"मियां सांगललंय," मामा मामीला म्हणाला. "माजो शब्द आसा. हो माज्याकडे रवतलो."

आणि त्याला आपल्याजवळच ठेवून घेत मामा मांडवात गेला. वऱ्हाड आले, मुहूर्त झाला, मंगलाष्टके झाली. धाकटा मामाच्या शेजारी अक्षतांचे ताट धरून उभा होता, कॉलरला पिवळे डाग घेऊन, आणि लोक विचारत होते, हा कोण, हा कोणाचा. मामा सगळ्यांना सांगत होता, माझ्या बहिणीचा धाकटा. पाहुण्यांना खमिसाचे काही कळले नाही. हळद सांडली असे समजून एका म्हातारीने ती पुसायला पदर पुढे केला, तेव्हा तो मागे सरकला.

मामी मात्र दिवसभर आमच्याशी बोलली नाही. पुढे पहिल्या वर्षी तिच्या मुलीला तापाने घेरले, तेव्हाही तिने म्हणे त्या खमिसाचे नाव घेतले. मी तिला दोष देत नाही. त्या दिवशी मलाही दर थोड्या वेळाने वाटत होते की आता दिवा विझेल, आता नवरदेवाला चक्कर येईल. काही झाले नाही. ऊन मात्र भयंकर होते.

पंगतीला आम्ही शेजारी बसलो. घामाने जीव जात होता, आसपासच्या पुरुषांनी खमिसे काढून खांद्यावर टाकली होती. धाकट्याने काढले नाही. मी सांगूनही काढले नाही. तो खाली मान घालून जेवत होता, आवडीने, भातावर पुन्हा सोलकढी मागून घेत होता. मला मात्र एक गोष्ट सकाळपासून कुरतडत होती. शेवटी मी ती विचारली. रागानेच विचारली, कारण मला राग आला होता, त्याचा की स्वतःचा ते कळत नव्हते.

मी म्हटले, तीन वर्षांत एकही आनंदाचा दिवस आला नाही? तू मॅट्रिक झालास तो नव्हता? घरावर नवी कौले घातली तो नव्हता? आणि मला सरकारी नोकरी लागली, अख्ख्या वाड्यावर पेढे वाटले, आई देवळात जाऊन आली, तो दिवस तुला आनंदाचा वाटला नाही?

त्याने घास गिळला, पाणी प्यायला. त्याला माझा राग कळला होता असे वाटले नाही. काल काय झाले ते सांगावे तशा आवाजात त्याने सांगितले.

"त्या दिसा तू पेटी भरलंस," तो म्हणाला. "आनी रातीक घरात आये आनी मियां, दोगाच जेवलो."

वाढप्याने माझ्या पानावर भात वाढला. मी नको म्हणायला हात आडवा केला, तोवर वाढून झाला होता.